स्पटर केलेला मॉलिब्डेनमचा थर वारंवार सुटतोय? आधी तो कुठल्या बाजूला वाकतोय ते बघा

समस्या: सोडा-लाइम काचेवर डीसी मॅग्नेट्रॉनने ५०० नॅनोमीटर मॉलिब्डेनम चढवायचा आहे. गेल्या महिन्यापर्यंत ठीक चालणारी रेसिपी आता दर दोन-तीन रनमागे दगा देते. चेंबर उघडताना थर चकचकीत आणि एकसंध दिसतो, पण दुसऱ्या दिवशी कडेपासून फोड यायला लागतात. काच घासून झाली, नवीन केमिकलने धुऊन झाली, पॉवर कमी करून पाहिली, तरी फरक नाही. मग कोणीतरी म्हणतं, "स्पटरिंग सोडा, सीव्हीडी करू, त्यात स्ट्रेस नसतो." सीव्हीडी म्हणजे वायूंच्या रासायनिक अभिक्रियेतून थर चढवणं. त्यात स्ट्रेस नसतो हे वाक्य चूक आहे, पण तिकडे नंतर येऊ.

एक शब्दांचा घोळ आधीच मिटवू. या विषयात दाब दोन प्रकारचा असतो, चेंबरमधल्या गॅसचा आणि थराच्या आतला. म्हणून खाली गॅससाठी प्रेशर आणि थरासाठी स्ट्रेस असंच लिहिलं आहे. कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेस म्हणजे थराला पसरायचं आहे पण काच पसरू देत नाही. टेन्साइल म्हणजे थराला आक्रसायचं आहे पण काच आक्रसू देत नाही.

दोष चिकटण्याचा की स्ट्रेसचा?

हे ठरवायला एक रन पुरतो. त्याच दिवशी, त्याच पद्धतीने धुतलेल्या काचेवर त्याच रेसिपीने फक्त ५० नॅनोमीटर थर चढवा आणि टेप लावून ओढा. हा पातळ थरही टेपबरोबर आला, तर काचेवर तेलाचा किंवा डिटर्जंटचा अंश आहे, नाहीतर चेंबरमध्ये पाण्याची वाफ जास्त आहे. पातळ थर घट्ट बसला आणि ५०० नॅनोमीटरचाच सुटतो, तर काच धुण्यात आणखी आठवडा घालवू नका. दोष स्ट्रेसचा आहे.

कारण असं. थर सुटतो तेव्हा त्यात साठलेली लवचिक ऊर्जा मोकळी होते. ही ऊर्जा जाडीच्या पटीत वाढते आणि स्ट्रेसच्या वर्गाच्या पटीत. जाडी दुप्पट केली की ऊर्जा दुप्पट, स्ट्रेस दुप्पट झाला की चौपट. ती ऊर्जा थर आणि काच यांच्यातल्या पकडीपेक्षा जास्त झाली की थर सुटणारच. पकड तीच असूनही पातळ थर टिकतो आणि जाड थर सुटतो, तो यामुळे.

आता डोळ्यांनी बघा, शक्यतो साध्या मायक्रोस्कोपखाली ५० किंवा १०० पटीत. फोड जर नागमोडी असतील, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरच्या वायरीसारख्या वळ्या घेत पुढे सरकलेले, तर स्ट्रेस कॉम्प्रेसिव्ह आहे. थराला जागा कमी पडली म्हणून तो वर फुगला आहे. याउलट उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा असतील आणि तुकड्यांच्या कडा वर वळलेल्या असतील, तर स्ट्रेस टेन्साइल आहे. वर सांगितलेल्या तक्रारीत जवळजवळ नेहमी पहिला प्रकार सापडतो. दुसऱ्या दिवशी सुटण्यामागे दमटपणा असतो: हवेतलं पाणी भेगेच्या टोकाशी पोचून काचेचे बंध हळूहळू तोडतं. म्हणून पावसाळ्यात हीच रेसिपी जास्त छळते. चेंबर कोरड्या नायट्रोजनने व्हेंट केल्यास थोडा वेळ मिळतो, मूळ कारण जात नाही.

मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

काचेबरोबर प्रत्येक रनमध्ये सिलिकॉनचा एक साक्षीदार वेफर ठेवा. १०० मिलिमीटर व्यासाचा, ५२५ मायक्रोमीटर जाडीचा, (१००) दिशेचा साधा वेफर चालतो. थर चढवण्याआधी आणि नंतर प्रोफाइलोमीटरने एकाच रेषेवर, वेफर त्याच तीन टेकूंवर ठेवून, ८० मिलिमीटरचा स्कॅन घ्या. वेफर स्वतःच्या वजनानेही थोडा वाकतो आणि मुळातही पूर्ण सपाट नसतो. दोन्ही स्कॅन एकाच स्थितीत घेतले की या गोष्टी वजाबाकीत निघून जातात. आधीचा स्कॅन विसरलात तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही.

स्कॅनच्या मध्यभागाची उंची टोकांच्या तुलनेत जितकी बदलली ती delta. त्यावरून वक्रता आणि वक्रतेवरून स्टोनीच्या सूत्राने स्ट्रेस मिळतो. स्टोनीने हे १९०९ मध्ये मांडलं आणि अजूनही तेच वापरतात:

```
kappa = 8 * delta / L^2
sigma = M_s * h_s^2 * kappa / (6 * h_f)
```

इथे `M_s` म्हणजे सिलिकॉन (१००) चा द्विअक्षीय मापांक, १८० गिगापास्कल. `h_s` वेफरची जाडी, `h_f` थराची जाडी, `L` स्कॅनची लांबी. थराचे स्वतःचे गुणधर्म सूत्रात कुठेच नाहीत, हीच त्याची सोय.

समजा delta ४६ मायक्रोमीटर आला आणि थराची बाजू वर ठेवल्यावर वेफर उलट्या वाटीसारखा फुगलेला दिसला. वक्रता निघते ०.०५७५ प्रति मीटर, म्हणजे त्रिज्या सुमारे १७.४ मीटर. थर ५०० नॅनोमीटरचा, तेव्हा स्ट्रेस ०.९५ गिगापास्कल. उलटी वाटी म्हणून कॉम्प्रेसिव्ह. वेफर सुलट वाटीसारखा दिसला असता तर टेन्साइल.

मॉलिब्डेनमचा द्विअक्षीय मापांक साधारण ४७७ गिगापास्कल धरला, तर साठलेली ऊर्जा येते प्रत्येक चौरस मीटरला ०.९५ जूल. तोच स्ट्रेस असलेला २०० नॅनोमीटरचा थर फक्त ०.३८ जूल साठवतो. काचेशी पकड या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असेल तर पातळ नमुने टिकतात आणि जाड नमुने सुटतात. जाडीचा आकडा मात्र खरा हवा. क्वार्ट्झ क्रिस्टल मॉनिटर २० टक्के चुकत असेल तर स्ट्रेसही तेवढाच चुकतो, म्हणून पायरी करून जाडी वेगळी मोजा.

हा स्ट्रेस येतो कुठून

तापमानाचा संशय सगळ्यात आधी घेतला जातो, आणि तो आकड्यांनी लगेच बाद करता येतो. मॉलिब्डेनमचं प्रसरण दर अंशाला दशलक्षात ४.८ भाग, सिलिकॉनचं २.६. चढवताना वेफर १०० अंशांनी तापला आणि मग थंड झाला, तर फरकामुळे येणारा स्ट्रेस सुमारे १०५ मेगापास्कल, तोही टेन्साइल. आपल्याला दिसतोय नऊ पट मोठा आणि उलट्या चिन्हाचा. सोडा-लाइम काचेचं प्रसरण मात्र साधारण ९ असल्याने काचेवर हाच हिशोब सुमारे २०० मेगापास्कल कॉम्प्रेसिव्हकडे झुकतो. म्हणजे काचेवरची अवस्था साक्षीदार वेफर दाखवतो त्याहून थोडी वाईट असते. वेफर बरा दिसला म्हणून काचेवर बिनघोर राहू नका.

उरलेला सगळा स्ट्रेस वाढीतून येतो. थर वाढण्याच्या तीन पद्धती आहेत. खालच्या पृष्ठभागावर चढणारा पदार्थ नीट पसरत असेल, तर एकावर एक सलग पापुद्रे बसत जातात, जसे गॅलियम आर्सेनाइडवर अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड. सिलिकॉनवर जर्मेनियम तीन-चार अणुथर असंच वागतं, मग ४.२ टक्क्यांची जाळीतली विसंगती सहन न होऊन बेटं उभी करतं. काचेवरच्या धातूची गोष्ट पहिल्यापासूनच तिसऱ्या प्रकारची. धातूला काचेपेक्षा स्वतःचाच शेजार आवडतो, म्हणून तव्यावरच्या पाण्याच्या थेंबांसारखी सुटी बेटं बनतात, वाढतात आणि एकमेकांना भिडतात.

भिडण्याचा हा क्षण महत्त्वाचा आहे. दोन बेटांमधली फट अणूच्या आकाराएवढी उरली की दोन मोकळे पृष्ठभाग मिटवून एक कणसीमा करणं ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडतं. बेटं ताणली जाऊन ती फट झिपसारखी बंद होते, आणि तो ताण आत राहतो. म्हणजे टेन्साइल. तांबं किंवा चांदी असेल तर पुढे चित्र बदलतं. त्यांचे अणू साध्या तापमानालाही पृष्ठभागावर बऱ्यापैकी फिरतात, कणसीमांमध्ये शिरतात आणि थर कॉम्प्रेसिव्ह होतो. वाढ थांबवली की त्यातला काही भाग सैल पडतो. मॉलिब्डेनमचा वितळणबिंदू जवळपास २९०० केल्विन. खोलीच्या तापमानाला त्याचे अणू पडतील तिथेच चिकटतात. त्यामुळे बारीक खांबांसारखे कण उभे राहतात, त्यांच्यामधल्या फटी जाडीभर तशाच चालू राहतात आणि झिपची ओढही चालू राहते. नुसत्या बाष्पीभवनाने चढवलेला मॉलिब्डेनम म्हणूनच टेन्साइल असतो.

मग आपला थर कॉम्प्रेसिव्ह का? कारण स्पटरिंगमध्ये अणू पडत नाहीत, आपटतात. त्यातही मोठा वाटा टार्गेटवरून उलट उडालेल्या आर्गॉनचा. आर्गॉनचा आयन टार्गेटवर ४०० व्होल्टने आदळतो, तिथे उदासीन होतो आणि काही आयन परत उसळतात. समोरासमोर टक्कर धरली तर मॉलिब्डेनमवरून उसळताना तो सुमारे १७ टक्के ऊर्जा राखतो, म्हणजे ६८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. टंगस्टनवरून ४१ टक्के, टायटॅनियमवरून एक टक्कासुद्धा नाही. जड टार्गेट भिंतीसारखं असतं, चेंडू जोरात परत येतो. हे उदासीन आर्गॉन अणू थरावर हातोडीसारखे ठोकत राहतात, अणू आत रेटले जातात, फटी बुजतात आणि थराला जागा अपुरी पडते. अॅल्युमिनियमची रेसिपी बघून मॉलिब्डेनमची ठरवू नये ती याचसाठी.

ठोकण्याचा हा जोर आर्गॉनचं प्रेशर ठरवतं. १ पास्कलला आर्गॉन अणूचा दोन टकरींमधला पल्ला साधारण ७ मिलिमीटर, ०.३ पास्कलला सुमारे २३. टार्गेट ते काच अंतर ८० मिलिमीटर असेल, तर ०.३ पास्कलला तीन-चार टकरी आणि १ पास्कलला अकरा-बारा. वेगवान अणूंचा पल्ला याहून थोडा लांब असतो, पण दिशा तीच. प्रेशर वाढवलं की हातोडी वाटेतच थकते आणि झिपची ओढ वरचढ ठरते. थॉर्नटन आणि हॉफमन यांनी १९७० च्या दशकात अनेक धातूंवर हेच दाखवलं: कमी प्रेशरला कॉम्प्रेसिव्ह, एका अरुंद पट्ट्यात उडी, पुढे टेन्साइल. धातू जितका जड, तितकी ही उडी जास्त प्रेशरला.

दुरुस्ती

पॉवर, अंतर आणि जाडी कायम ठेवा. जाडी २०० नॅनोमीटर पुरे, म्हणजे थर मधेच सुटून मोजमाप बिघडणार नाही. ०.२, ०.४, ०.६, ०.८, १.२ आणि १.६ पास्कलला एकेक साक्षीदार वेफर करा. प्रत्येकाचा स्ट्रेस आणि चौकोनी रोध, म्हणजे शीट रेझिस्टन्स, दोन्ही लिहा.

रोध का, ते सांगतो. आलेख शून्य रेषा दोनदा गाठू शकतो. पहिल्यांदा कॉम्प्रेसिव्हकडून टेन्साइलकडे जाताना आणि दुसऱ्यांदा खूप जास्त प्रेशरला, जेव्हा खांब एकमेकांपासून इतके सुटे होतात की ओढायला धड काही उरतच नाही. हे दुसरं शून्य फसवं. थर मळकट दिसतो, सच्छिद्र असतो, हवेतलं पाणी शोषतो आणि त्याचा स्ट्रेस दिवसागणिक सरकत राहतो. ५०० नॅनोमीटरच्या चांगल्या थराची रोधकता १२ मायक्रोओम-सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर चौकोनी रोध ०.२४ ओम. तोच १.२ ओम आला तर रोधकता ६० वर गेली आहे. असा थर कितीही शांत दिसला तरी टाकून द्या.

पहिल्या शून्यावर नेमकं बसायचा मोह होतो, पण तिथला उतार इतका तीव्र असतो की प्रेशर जरासं हललं तरी चिन्ह बदलतं. रोज चालवायच्या रेसिपीसाठी दोन थरांची युक्ती बरी, आणि सोलर सेलच्या मागच्या संपर्कासाठी ती बऱ्याच काळापासून वापरात आहे. खाली १०० नॅनोमीटर जास्त प्रेशरला, सुमारे १.२ पास्कल. हा टेन्साइल थर काचेला चांगला धरतो. वर ४०० नॅनोमीटर कमी प्रेशरला, हलक्या कॉम्प्रेसिव्ह बाजूला. हा वीज वाहतो. खालचा +४०० मेगापास्कल आणि वरचा −१०० मेगापास्कल असेल, तर दोन्हींचं बल प्रत्येक मीटर रुंदीला ४० न्यूटन, विरुद्ध दिशांना, म्हणजे वेफर जवळपास सपाट. साठलेली ऊर्जा दोन्ही मिळून सुमारे ०.०४ जूल. मघाचा आकडा ०.९५ होता.

वेफर सपाट दिसणं म्हणजे पुरावा नव्हे, हेही लक्षात ठेवा. +१००० आणि −२५० नेसुद्धा तो सपाटच दिसेल. दोन्ही थर आधी वेगवेगळे मोजा, मग एकत्र करा. प्रेशर बदलताना शटर बंद ठेवा, पण चेंबर उघडू नका. मधे ऑक्साइड बसला की सुटायला नवी जागा तयार झाली.

तरीही महिन्याभराने परत आलं तर

रेसिपी कागदावर तीच असते, चेंबरमध्ये नसते. पहिला संशय गेजवर घ्या. पिरानी गेज नायट्रोजनसाठी बसवलेला असतो आणि आर्गॉनला कमी दाखवतो: खरं प्रेशर वाचनाच्या सुमारे १.७ पट. गेज बदलला किंवा कोणी त्याच्या सेटिंगमध्ये गॅसचं नाव बदललं, की ०.६ चं १.० होतं आणि तुम्ही उडीच्या पलीकडे पोचता. कॅपॅसिटन्स मॅनोमीटरला गॅसचा फरक पडत नाही, पण त्याचं शून्य सरकतं. चेंबर रात्रभर पंप केल्यावर शून्य तपासा. ०.४ पास्कलच्या कामात ०.१ ची चूक म्हणजे वेगळी रेसिपीच.

दुसरा संशय टार्गेटवर. त्यात गोल चर खोल होत जातो, तसा पृष्ठभाग चुंबकांच्या जवळ येतो आणि त्याच पॉवरला व्होल्टेज घसरतं. व्होल्टेज घसरलं की उसळणाऱ्या आर्गॉनची ऊर्जाही घसरते आणि स्ट्रेस टेन्साइलकडे सरकतो. नवं टार्गेट लावल्यावर उलट होतं. "गेल्या महिन्यापर्यंत ठीक होतं" या तक्रारीत टार्गेट कधी बदललं ते आधी विचारा. प्रत्येक रनचं व्होल्टेज वहीत लिहिलं असेल तर उत्तर तिथेच मिळतं.

तिसरा संशय पाण्याच्या वाफेवर. बेस प्रेशर १०⁻⁴ पास्कल असलं तरी काही सेकंदांत पृष्ठभागावर एक थर बसेल इतके वाफेचे रेणू येऊन आदळतात, आणि मिनिटाला १० नॅनोमीटरने वाढणारा थर जवळपास त्याच गतीने अणुथर चढवत असतो. सगळे रेणू चिकटत नाहीत, पण जे चिकटतात ते कणसीमांमध्ये ऑक्सिजन सोडतात आणि स्ट्रेस हलवतात. चेंबर जास्त वेळ उघडा राहिला होता का, भिंतींवर जुने पापुद्रे साचलेत का, ते बघा.

आणि सीव्हीडी?

साध्या औष्णिक सीव्हीडीत हातोडी नसते हे खरं. म्हणून कॉम्प्रेसिव्ह फोडांची ही विशिष्ट तक्रार तिथे कमी. पण हातोडी नाही म्हणजे टेन्साइलला तोल देणारंही काही नाही. टंगस्टन हेक्झाफ्लोराइड आणि हायड्रोजनपासून ४०० अंशांच्या आसपास चढवलेला टंगस्टन सहज १ गिगापास्कल टेन्साइल निघतो, ऑक्साइडवर थेट नीट बीजही धरत नाही, खाली टायटॅनियम नायट्राइड लागतो. वर अभिक्रियेतून हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडतं, आणि ते काच खातं.

सिलिकॉन नायट्राइडचंही तसंच. डायक्लोरोसिलेन आणि अमोनियापासून ८०० अंशांजवळ भट्टीत बनवलेला पूर्ण प्रमाणातला नायट्राइड १ गिगापास्कलच्या वर टेन्साइल असतो आणि काही शे नॅनोमीटरच्या पुढे तडकतो. तिथे प्रेशर फिरवून चिन्ह बदलत नाही. डायक्लोरोसिलेनचं प्रमाण वाढवून थर सिलिकॉनसमृद्ध करावा लागतो, तेव्हा स्ट्रेस उतरतो. प्लाझ्मावाल्या सीव्हीडीत मात्र हातोडी परत येते. १३.५६ मेगाहर्ट्झला जड आयन क्षेत्रामागे धावू शकत नाहीत, काही शे किलोहर्ट्झला धावतात आणि थर ठोकतात. दोन फ्रिक्वेन्सींचा वेळ वाटून स्ट्रेस हवा तिथे आणता येतो. पण त्या थरात हायड्रोजन भरपूर असतो. पुढे ६०० अंशांना तापवलात की तो निघून जातो, थर आक्रसतो, आणि काल शून्यावर असलेला नायट्राइड आज भेगाळतो.

भट्टीतल्या सीव्हीडीचा एक सापळा मोजतानाच गाठतो. थर वेफरच्या दोन्ही बाजूंना सारखा चढतो, दोन्ही बाजू सारख्याच ओढतात आणि वेफर सपाट राहतो. स्कॅन शून्य दाखवतो, आणि "सीव्हीडीत स्ट्रेस नसतो" ही अफवा बहुधा इथूनच निघते. मागचा थर प्लाझ्मा एचिंगने काढा आणि तोच वेफर पुन्हा स्कॅन करा. तो वाटीसारखा झालेला दिसेल.